पदवी नाही, अनुभव आहे: सीआयएसएसपीच्या पाच वर्षांचा हिशेब नेमका कसा होतो?

२८ एप्रिल २०२२ रोजी केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने एक आदेश काढला. संगणक यंत्रणेवर हल्ला झाल्याचे लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत त्याची खबर द्यायची आणि यंत्रणेच्या नोंदी, म्हणजे लॉग, १८० दिवस जपून ठेवायचे, असे त्यात सांगितले होते. अशी कामे आपल्याकडच्या कारखान्यांत, पतसंस्थांत आणि रुग्णालयांत बहुतेक वेळा ज्या माणसाकडे येतात, तो तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन बाहेर पडलेला, नेटवर्कच्या तारा ओढण्यापासून सुरुवात केलेला आणि पुढे फायरवॉलपर्यंत पोचलेला असतो. आठ-दहा वर्षांनी तो बढतीसाठी किंवा नव्या नोकरीसाठी जाहिराती चाळू लागतो, तेव्हा वरच्या जागांपुढे ‘सीआयएसएसपी असल्यास प्राधान्य’ ही ओळ दिसते. तिच्यासोबत एक शंकाही येते : आपल्याकडे इंजिनिअरिंगची पदवी नाही, मग नुसत्या अनुभवावर हे प्रमाणपत्र मिळेल का?

मिळते. मात्र अशा विचारणाऱ्यांच्या मनातले समीकरण बहुधा उलटे मांडलेले असते. या प्रमाणपत्राच्या नियमात अनुभव पदवीची जागा भरून काढत नाही. मूळ अट अनुभवाचीच आहे, आणि पदवी असेल तर ती त्या अनुभवातले फक्त एक वर्ष कमी करते. पुढचा सगळा हिशेब यावरच उभा असल्यामुळे तो सुरुवातीपासून पाहू.

हे प्रमाणपत्र कोण देते आणि काय मागते?

सीआयएसएसपी हे माहिती सुरक्षेतले वरच्या पातळीचे व्यावसायिक प्रमाणपत्र असून ते आयएससी-टू ही १९८९ मध्ये स्थापन झालेली संस्था १९९४ पासून देते. हे विद्यापीठ नाही, त्यामुळे येथे प्रवेश, वर्ग आणि सत्रे असा मामला नाही. परीक्षा द्यायची, अनुभव सिद्ध करायचा आणि संस्थेची आचारसंहिता मान्य करायची, एवढेच.

संस्थेने माहिती सुरक्षेच्या कामाची आठ क्षेत्रे पाडली आहेत. सुरक्षा व जोखीम व्यवस्थापन, मालमत्तेची सुरक्षा, यंत्रणेची रचना, नेटवर्क, ओळख व प्रवेशाधिकार, चाचणी व मूल्यमापन, दैनंदिन सुरक्षा कामकाज आणि सॉफ्टवेअर निर्मितीतील सुरक्षा अशी ती आहेत. यांपैकी किमान दोन क्षेत्रांत मिळून पाच वर्षांचा, म्हणजे ६० महिन्यांचा अनुभव लागतो. प्रत्येक क्षेत्रात पाच वर्षे नव्हेत आणि सलगही नव्हेत. मध्ये दोन वर्षे दुसरेच काम केले असेल, तर तेवढा काळ वगळून बेरीज करायची.

सूट येते ती यानंतर. संगणकशास्त्र, माहिती तंत्रज्ञान किंवा त्यांच्याशी संबंधित विषयातली पदवी अथवा पदव्युत्तर पदवी असेल, तर १२ महिने कमी होतात. पदवी नसून संस्थेच्या मान्य यादीतले दुसरे एखादे प्रमाणपत्र असेल, तरीही तेवढेच १२ महिने कमी होतात. दोन्ही असली म्हणून २४ होत नाहीत. सूट कितीही बाजूंनी मागितली तरी एकाच वर्षाची. इतिहासात बी. ए. किंवा नुसते बी. कॉम. झालेल्या माणसाला या पदवीचा येथे काही उपयोग नाही. माहिती सुरक्षेच्या हिशेबात तो आणि पदविकाधारक एकाच ओळीत उभे राहतात. पदवीधर मंडळींना हे ऐकून थोडे वाईट वाटते, असे मी पाहिले आहे.

पदवी आणि अनुभव यांचा विनिमयाचा दर

परकीय चलनाच्या दुकानात जसा रुपयाचा डॉलरशी, युरोशी आणि येनशी वेगवेगळा दर लावलेला असतो, तसा पदवी आणि अनुभव यांचाही दर संस्थेगणिक बदलतो. एका खिडकीवरचा दर दुसऱ्या खिडकीवर चालत नाही, आणि बहुतेक गैरसमज तो चालेल असे धरून चालल्यामुळे होतात.

सीआयएसएसपीच्या खिडकीवर एक पदवी म्हणजे १२ महिने. प्रकल्प व्यवस्थापनातल्या पीएमपी या प्रमाणपत्राच्या खिडकीवर दर दुप्पट आहे : पदवीधराला प्रकल्पांचे नेतृत्व केल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव पुरतो, तर पदवी नसलेल्याला ६० महिने दाखवावे लागतात, म्हणजे तिथे पदवीचे मोल २४ महिने. इमारती, आवार, माणसे आणि माल यांच्या संरक्षणाचे व्यवस्थापन करणाऱ्यांसाठी एएसआयएस ही संस्था सीपीपी नावाचे प्रमाणपत्र देते. तिथे पदवीधराला सहा आणि पदवी नसलेल्याला सात वर्षांचा अनुभव लागतो. पण खरी मेख त्या वर्षांत नाही. त्यांपैकी तीन वर्षे निर्णयाची जबाबदारी स्वतःच्या खांद्यावर असलेल्या पदावर काढलेली असावी लागतात, ही अट दोघांनाही सारखीच आहे. फाटकावर सात वर्षे चोख ड्यूटी केलेला पर्यवेक्षक यात बसेलच असे नाही.

अमेरिकेच्या एच-१बी व्हिसाच्या नियमातला दर आपल्याकडच्या बऱ्याच घरांत माहीत असतो. तिथे पदवीची तूट अनुभवाने भरून काढायची तर महाविद्यालयातल्या एका वर्षासाठी तीन वर्षांचा अनुभव मोजतात, म्हणजे चार वर्षांच्या संपूर्ण पदवीसाठी बारा वर्षे. सीआयएसएसपीतली पदवी एक वर्षाची, म्हणून व्हिसाच्या खिडकीवरही एक वर्ष दाखवून भागेल, असे कोणी धरून चालले तर त्याची फसगत ठरलेली.

माझ्या पदनामात ‘सिक्युरिटी’ हा शब्दच नाही

पदवी नसलेल्या लोकांची ही सर्वांत मोठी भीती असते, आणि ती निराधार आहे. आपल्याकडच्या जुन्या कारखान्यांत संगणक विभागाला अजून ‘ईडीपी’ म्हणतात, आणि तिथे फायरवॉल सांभाळणाऱ्याच्या ओळखपत्रावर ‘एक्झिक्युटिव्ह – ईडीपी’ एवढेच छापलेले असते. संस्था पदनामाकडे पाहत नाही. रोज हाताने काय काम केले आणि ते आठांपैकी कोणत्या क्षेत्रात पडते, एवढे ती पाहते.

नोकरी सोडून गेलेल्या माणसाचे खाते बंद करणे, नव्या माणसाला त्याच्या कामापुरतेच अधिकार देणे आणि कोणाकडे जास्तीचे अधिकार साचले आहेत ते वेळोवेळी तपासणे, हे ओळख व प्रवेशाधिकाराचे काम आहे. फायरवॉलचे नियम लिहिणे, व्हीपीएन उभारणे, कारखान्यातल्या यंत्रांचे नेटवर्क कार्यालयाच्या नेटवर्कपासून वेगळे काढणे, हे नेटवर्क क्षेत्रात येते. लॉग तपासणे, बॅकअप घेणे आणि तो परत चढवून पाहणे, सर्व्हरवर पॅच लावणे, हल्ला झाल्यावर धावाधाव करणे, हे दैनंदिन सुरक्षा कामकाज. एखाद्या छोट्या कारखान्यातला एकुलता एक नेटवर्कवाला ही तिन्ही कामे करीत असतो, फक्त त्याने त्यांना कधी ही नावे दिलेली नसतात.

न मोजले जाणारे कामही तितकेच सांगायला हवे. प्रिंटर जोडणे, विंडोज चढवणे, कोणाचे आउटलुक उघडत नाही म्हणून तिसऱ्या मजल्यावर जाणे, ही कामे प्रामाणिक कष्टाची असली तरी सुरक्षेची नव्हेत. पासवर्ड विसरलेल्याला नवा देणे हे सीमेवरचे काम आहे. त्याच्यामागे ओळख पटवण्याची ठरलेली पद्धत असेल आणि ती तुम्ही चालवत असाल, तर ते सांगण्याजोगे. नुसते बटण दाबले असेल, तर नाही.

आता एका माणसाचा हिशेब मांडू

समजा, नाशिकचा एक तरुण आहे. त्याने २०१६ मध्ये संगणक अभियांत्रिकीची पदविका घेतली आणि पदवीला न जाता थेट नोकरी धरली. जुलै २०१६ ते जून २०१८ अशी दोन वर्षे त्याने एका संगणक विक्रेत्याकडे दुरुस्तीचे काम केले. जुलै २०१८ ते डिसेंबर २०२० असे ३० महिने तो अंबडच्या एका कारखान्यात नेटवर्क सांभाळत होता. जानेवारी २०२१ ते डिसेंबर २०२३ असे ३६ महिने त्याने पुण्यात हिंजवडीला सुरक्षा देखरेख केंद्रात, ज्याला या धंद्यात सगळे ‘सॉक’ म्हणतात, तिथे पाळ्यांमध्ये काम केले. त्याच्या मते त्याच्या गाठीला साडेसात वर्षांचा अनुभव आहे. संस्थेच्या दृष्टीने किती?

पहिले २४ महिने सरळ बाजूला ठेवावे लागतात, कारण दुरुस्तीचे काम कोणत्याही क्षेत्रात ओढूनताणूनच बसेल. शेवटचे ३६ महिने पूर्ण धरायचे. तिथे दिवसभर लॉग आणि इशारे तपासणे, खरा हल्ला आणि खोटा इशारा वेगळे करणे, हेच काम होते.

घोळ मधल्या ३० महिन्यांचा आहे. कारखान्यात त्याचा निम्मा दिवस फायरवॉल, खाती आणि बॅकअप यांत जाई आणि निम्मा दिवस संगणक दुरुस्तीत. येथे मी एक सावध रीत वापरतो. ती माझी आहे, संस्थेने घालून दिलेली नाही, आणि ती अर्धवेळ कामाच्या नियमावर बेतलेली आहे. नियम असा : आठवड्याला किमान ३५ तास काम असेल तर ते पूर्णवेळ, आणि असे चार आठवडे भरले की एक महिना जमा होतो, २० ते ३४ तास असेल तर ते अर्धवेळ, आणि त्याचे २,०८० तास भरले की बारा महिने, १,०४० तास भरले की सहा महिने जमा होतात. आता आपल्या तरुणाचे सुरक्षेचे काम आठवड्याला २० तास धरू. अडीच वर्षांचे १३० आठवडे होतात. १३० गुणिले २० म्हणजे २,६०० तास. वर्षाला २,०८० या दराने त्याचे सव्वा वर्ष, म्हणजे १५ महिने होतात.

३६ आणि १५ मिळून ५१. हवेत ६०, म्हणजे नऊ महिने कमी. साडेसात वर्षांचे सव्वाचार वर्षांवर आले, याचा धक्का बसतो खरा, पण तो परीक्षेचे पैसे भरण्याआधी बसलेला बरा.

पदविका ही पदवी नसल्यामुळे तिची सूट त्याला मिळत नाही. पण त्याने कॉम्पटिया या संस्थेची सिक्युरिटी प्लस ही परीक्षा दिलेली असेल आणि ती अर्जाच्या वेळी मान्य यादीत असेल, तर १२ महिने कमी होऊन त्याला ४८ महिनेच दाखवावे लागतील. मग ५१ पुरतात आणि वर तीन उरतात. ही यादी संस्था अधूनमधून बदलते, म्हणून मित्राला दोन वर्षांपूर्वी मिळालेल्या सवलतीवर विसंबू नये.

आणखी एक मोह टाळावा लागतो. समजा, हाच तरुण २०२२ मध्ये शनिवार-रविवारी एका पतसंस्थेचे नेटवर्कही पाहत होता. ते बारा महिने वेगळे जोडता येत नाहीत. त्या काळाचे महिने हिंजवडीच्या नोकरीत आधीच मोजले गेले आहेत, आणि दिनदर्शिकेतला एक महिना कितीही नोकऱ्या केल्या तरी एकच राहतो. पीएमपीच्या अर्जातही एकाच वेळी चाललेल्या दोन प्रकल्पांचे महिने दोनदा मोजत नाहीत. तिथे तर ही चूक जास्त होते, कारण व्यवस्थापकाच्या हातात एका वेळी तीन-चार प्रकल्प असणे नेहमीचेच आहे.

हे सगळे सिद्ध कसे करायचे?

पदवीधराला एक गुणपत्रिका पुरते. अनुभवाचा कागद मात्र माणसाला स्वतः घडवून घ्यावा लागतो, आणि आपल्याकडे गाडी अडते ती इथेच. नोकरी सोडताना मिळणाऱ्या पत्रात ‘अमुक यांनी आमच्याकडे अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत काम केले, त्यांची वर्तणूक चांगली होती’ एवढाच मजकूर असतो. तारखा सिद्ध होतात, काम सिद्ध होत नाही.

म्हणून कामाचे वर्णन असलेले पत्र वेगळे मागून घ्यावे. ते कंपनीच्या नावाच्या कागदावर, वरिष्ठाच्या सहीने आणि त्याच्याशी संपर्क साधता येईल अशा तपशिलासह असावे. मजकुराची धाटणी महत्त्वाची आहे. ‘नेटवर्क व सिक्युरिटीची सर्व कामे पाहिली’ हे वाक्य काहीच सांगत नाही. त्याऐवजी असे लिहावे : ‘फायरवॉलवरील नियमांची दर तीन महिन्यांनी छाननी करून वापरात नसलेले नियम काढून टाकले. नोकरी सोडलेल्या कर्मचाऱ्यांची खाती त्याच दिवशी बंद केली आणि त्याची नोंदवही ठेवली. दर महिन्याला एका सर्व्हरचा बॅकअप परत चढवून तो चालतो का हे पाहिले.’ तपासणाऱ्याला या तीन वाक्यांतून तीन क्षेत्रे ओळखता येतात : पहिल्यातून नेटवर्क, दुसऱ्यातून प्रवेशाधिकार आणि तिसऱ्यातून दैनंदिन कामकाज.

कंत्राटी लोकांची अडचण वेगळी. पगार मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीकडून, काम भलत्याच कंपनीत, आणि त्या कंपनीच्या दप्तरी या माणसाचे नावही नाही, असा प्रकार पुणे-मुंबईच्या पट्ट्यात सर्रास आढळतो. अशा वेळी तारखांसाठी एजन्सीचे पत्र घ्यावे आणि कामासाठी प्रत्यक्ष काम सांगणाऱ्या वरिष्ठाचे, आणि दोन्ही पत्रांत एकमेकांचा उल्लेख असावा. कंपनीच बंद पडली असेल, तर नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या आणि भविष्य निर्वाह निधीचे पासबुक यांवरून निदान नोकरीचा काळ दाखवता येतो, आणि कामाविषयी तेव्हाच्या साहेबांकडून लेखी घेता येते. ते साहेब आता कुठे आहेत हे शोधण्यात दोन-तीन महिने सहज जातात, हे गृहीत धरावे. प्रशिक्षणार्थी म्हणून केलेले काम, मग ते बिनपगारी असले तरी, मोजता येते, मात्र त्यासाठीही कंपनीचे किंवा शिक्षणसंस्थेचे तसे पत्र लागते.

मग कोणीही काहीही लिहून देईल की!

ही हरकत रास्त आहे. पदवी विद्यापीठाकडून पडताळून घेता येते. ‘मी फायरवॉल सांभाळला’ हे कोण पडताळणार?

त्यासाठी दोन चाळण्या आहेत. पहिली दुजोऱ्याची. परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर नऊ महिन्यांच्या आत अर्ज करायचा असतो, आणि त्यात आयएससी-टूचे प्रमाणपत्र चालू स्थितीत असलेल्या एखाद्या सदस्याने ‘या माणसाने सांगितलेला अनुभव माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे’ असा दुजोरा द्यावा लागतो. पतसंस्थेत कर्ज घेताना जामीनदार लागतो, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की जामीनदाराचे पैसे अडकतात, येथे त्याची आचारसंहिता, आणि पर्यायाने त्याचे स्वतःचे प्रमाणपत्र, अडकलेले असते. त्यामुळे नुसत्या ओळखीवर सही देणारे कमी भेटतात, आणि ते योग्यच आहे. लहान गावात, लहान कंपनीत काम केलेल्याच्या ओळखीत असा सदस्यच नसेल, तर ही भूमिका संस्था स्वतः घेते, पण मग कागद ती स्वतःच पाहते.

दुसरी चाळणी तपासणीची. आलेल्या अर्जांतले काही सोडतीसारखे निवडून त्यांची कागदपत्रे मागवली जातात आणि पूर्वीच्या कंपन्यांकडे विचारणा होऊ शकते. अर्जातले वर्णन आणि पत्रातले वर्णन जुळले नाही, की अर्ज अडकतो. खोटे आढळले तर प्रमाणपत्र मिळत नाही, आणि मिळाल्यावर आढळले तर काढून घेतले जाते.

पीएमपीत हा क्रम उलटा आहे, आणि दोन्हींची तयारी एकदम करणाऱ्यांचा येथे गोंधळ उडतो. तिथे आधी अर्ज, त्यात अनुभवाचे आणि ३५ तासांच्या प्रशिक्षणाचे तपशील, मग नाव निघाले तर तपासणी, आणि हे सारे पार पडल्यावर परीक्षा. सीआयएसएसपीत परीक्षेला बसताना अनुभवाचा एकही कागद कोणी मागत नाही. त्यामुळेच काही लोक परीक्षा उत्तीर्ण होतात, फोटो टाकतात आणि मग त्यांना कळते की आपले महिने कमी आहेत.

अनुभवी माणूस परीक्षेत कुठे अडखळतो?

अनुभव दोन क्षेत्रांत लागतो, पण परीक्षा आठही क्षेत्रांवर असते. आपल्या नाशिकच्या तरुणाला नेटवर्क आणि दैनंदिन कामकाज पाठ असते. परंतु परीक्षेत या दोन क्षेत्रांचा वाटा १३-१३ टक्के आहे. सर्वांत मोठा वाटा, १६ टक्के, जोखीम व्यवस्थापनाचा आहे, ज्याच्याशी त्याचा संबंध आलेला नसतो. सांकेतिकीकरणाचे सिद्धांत, सॉफ्टवेअर निर्मितीच्या पद्धती हे विषय पदवीच्या वर्गात निदान कानावरून गेलेले असतात; त्याला ते कोरे असतात.

पण याहून मोठा अडसर विषयाच्या अज्ञानाचा नसतो, सवयीचा असतो. सर्व्हरमध्ये घुसखोरी झाल्याचे दिसले, तर सर्वप्रथम काय कराल, असा प्रश्न आला की हाताने काम करणारा माणूस झटकन ‘पॅच लावेन’ किंवा ‘सर्व्हर नव्याने उभा करेन’ याकडे वळतो. कारखान्यात त्याने तेच केलेले असते, कारण उत्पादन थांबलेले असते आणि साहेब मागे उभे असतात. परीक्षेला मात्र व्यवस्थापकाचे उत्तर हवे असते : ठरलेल्या प्रतिसाद योजनेप्रमाणे जा, पसरणे थांबवा, पुरावा पुसला जाऊ देऊ नका, ज्यांना कळवायचे त्यांना कळवा, दुरुस्ती त्यानंतर. दहा वर्षे ज्या चपळाईबद्दल शाबासकी मिळाली, तीच येथे गुण घालवते. सराव प्रश्नांत आपली उत्तरे वारंवार दुरुस्तीकडेच झुकत आहेत असे दिसले, तर अडचण हीच आहे असे समजावे.

परीक्षा इंग्रजीतून दिल्यास तीन तासांची असते. प्रश्न १०० ते १५० असतात, कारण तुमच्या उत्तरांनुसार संगणक पुढचा प्रश्न निवडतो आणि अंदाज पक्का झाला की थांबतो. १,००० पैकी ७०० गुण लागतात. शुल्क सध्या ७४९ डॉलर, म्हणजे साठ हजार रुपयांच्या पुढे आहे, आणि नापास झाल्यास ते पुन्हा भरावे लागते.

महिने कमी पडले तर सगळे वाया जाते का?

जात नाही. परीक्षा उत्तीर्ण झालेल्या पण अनुभव अपुरा असलेल्या माणसाला ‘असोसिएट’ हा दर्जा घेता येतो आणि त्या दिवसापासून अनुभव पूर्ण करायला सहा वर्षे मिळतात. आपल्या तरुणाकडे सिक्युरिटी प्लस नसेल, तर तो २०२४ च्या सुरुवातीला परीक्षा देऊन असोसिएट होईल आणि त्याच नोकरीत आणखी नऊ महिने काढून सप्टेंबर २०२४ नंतर अर्ज करील. येथे वेगळे प्रमाणपत्र घेण्याचा खर्च आणि नऊ महिन्यांची वाट यांत मी वाट पाहणेच निवडीन. ज्याचे तीस महिने कमी आहेत, त्याला मात्र एक वर्षाची सूट मोलाची आहे.

एक पथ्य कसोशीने पाळावे लागते. असोसिएट असताना नावापुढे किंवा बायोडेटात ‘सीआयएसएसपी’ लिहिता येत नाही, ‘उत्तीर्ण’ असा शब्द पुढे जोडूनही नाही. ‘आयएससी-टूचा असोसिएट’ एवढेच लिहायचे.

मग पदवी घ्यायचीच कशाला?

अनुभवाच्या बाजूने इतके लिहिल्यावर ही शेवटची हरकत टाळता येणार नाही. २०२० मध्ये ब्रिटनच्या परदेशी पात्रता पडताळणाऱ्या यूके नारिक या संस्थेने सीआयएसएसपीची काठिण्यपातळी तिथल्या पात्रता चौकटीत सातव्या स्तराशी, म्हणजे पदव्युत्तर पदवीच्या स्तराशी, तुलना करण्याजोगी असल्याचे सांगितले. तेव्हापासून ‘सीआयएसएसपी म्हणजे मास्टर्स’ असे बेधडक सांगणारे क्लासवाले निघाले आहेत. स्तर सारखा असणे आणि पात्रता सारखी असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. गिरणा धरणाचे आणि तुमच्या गच्चीवरच्या टाकीचे पाणी समुद्रसपाटीपासून एकाच उंचीवर असू शकते, म्हणून दोन्हींत पाणी तेवढेच आहे असे होत नाही. पदव्युत्तर पदवीत एक-दोन वर्षांचा अभ्यास, प्रबंध आणि श्रेयांक असतात. येथे तीन तासांची परीक्षा आणि नोकरीचे महिने आहेत.

भारतात त्याचा परिणाम असा की, ज्या सरकारी जागेच्या जाहिरातीत मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी ही किमान अट आहे, तिथे सीआयएसएसपी दाखवून अर्ज पुढे सरकत नाही. छाननी करणारा लिपिक रकान्यात पदवी शोधतो आणि ती नसली की तुमचा अनुभव वाचण्याची वेळच येत नाही. एम. टेक. च्या प्रवेशालाही ते चालत नाही. बँकांच्या आणि मोठ्या कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागांत पदवीची अट कधी छापील असते, कधी बोलण्यात असते, आणि छापील नसते तिथेच हे प्रमाणपत्र सर्वांत जास्त कामाला येते. वर सांगितलेल्या व्हिसाच्या खिडकीवर तर हे प्रमाणपत्र फार तर अनुभवाच्या जोडीला ठेवण्याचा कागद आहे. बारा वर्षांची बेरीज त्याने कमी होत नाही.

म्हणून तिशीच्या आतल्या, परदेशी जाण्याचा किंवा सरकारी जागेचा विचार असलेल्या पदविकाधारकाला मी मुक्त विद्यापीठातून किंवा नोकरी सांभाळून होणारी संगणक विषयातली पदवी घ्यायला सांगतो. सीआयएसएसपीच्या हिशेबात ती बारा महिन्यांचीच ठरेल आणि तीन वर्षे घेईल, हा तोट्याचा सौदा आहे. ती घ्यायची ती इतर खिडक्यांसाठी. चाळिशीच्या, खासगी कंपनीत टिकून असलेल्या आणि गाठीला ६० महिने स्वच्छ असलेल्या माणसाने त्या भानगडीत पडू नये. त्याने यंदाच्या दिवाळीआधी जुन्या कारखान्यातल्या साहेबांचा पत्ता शोधून काढावा आणि पत्राचा मसुदा स्वतःच टाइप करून न्यावा, कारण साहेबांना फायरवॉलचे नियम आठवत नसतात, सही मात्र ते लगेच करतात.